नववा गोळा

नऊ गोळे आहेत. रंग, आकार, दिसणं, सगळं सारखं. त्यातला एक, फक्त एकच, बाकीच्यांपेक्षा किंचित जड आहे. उरलेले आठ वजनाला अगदी सारखे. समोर दोन पारड्यांचा तराजू आहे, पण वजनं-मापं नाहीत. तोलायचं फक्त दोनदा. जड गोळा कोणता ते सांगायचं.

आमच्या सोसायटीत मी रविवारी मुलांचा गणिताचा गट घेते. तिथे हे कोडं मी दर वर्षी नव्या मुलांना घालते. इंजिनिअरिंगच्या कॅम्पस मुलाखतींतही ते विचारतात, त्यामुळे मोठ्या भावंडांकडून उत्तर ऐकून आलेलं एखादं मूल असतंच. त्यानं काही बिघडत नाही. उत्तर दोन ओळींचं आहे, आणि मला ज्यात रस आहे ते त्या दोन ओळींच्या मागे आहे. म्हणून मी तोंडी कोडं घालत नाही, खरे गोळे आणि खरा तराजू समोर ठेवते आणि मुलांचे हात काय करतात ते बघते.

हात बहुतेक वेळा एकच गोष्ट करतात. चार गोळे डाव्या पारड्यात, चार उजव्या, आणि उरलेला एक टेबलावर. निम्मं-निम्मं करायची सवय इतकी मुरलेली असते की नऊचे दोन समान भाग होत नाहीत म्हटल्यावर आपण एक बाजूला ठेवतो आणि पुन्हा निम्मं करतो. पारडी समतोल राहिली तर टेबलावरचा गोळा जड, आणि काम एकाच खेपेत झालं! पण तसं क्वचित होतं. बहुतेकदा एक पारडं खाली जातं आणि हातात चार संशयित गोळे उरतात. त्या चारांचे दोन-दोन केले की दोन उरतात, आणि त्यांच्यातला एक निवडायला तिसरी खेप लागते. "काकू, एक खेप वाढवून द्या ना," असं तेव्हा कोणीतरी म्हणतंच.

आता उत्तर. नऊ गोळ्यांचे तीन-तीनचे तीन गट करायचे. पहिला गट डाव्या पारड्यात, दुसरा उजव्या पारड्यात, तिसरा टेबलावर. डावं पारडं खाली गेलं तर जड गोळा पहिल्या गटात, उजवं गेलं तर दुसऱ्या गटात, आणि काटा मधोमध राहिला तर तो टेबलावरच्या तिसऱ्या गटात. काहीही झालं तरी संशयित तीनच उरतात. दुसऱ्या खेपेला त्या तिघांतला एक डावीकडे, एक उजवीकडे, एक टेबलावर. पुन्हा तेच: जे पारडं खाली जाईल त्यातला जड, आणि समतोल राहिलं तर बाहेरचा जड. झालं.

उत्तर सांगितल्यावर मुलं मान डोलावतात. पण मी विचारते, "टेबलावरचे तीन गोळे तोलले की नाही?" तेव्हा गटात दोन तट पडतात. काही म्हणतात नाही, ते तर पारड्यात गेलेच नाहीत. काही म्हणतात हो, कारण त्यांच्याबद्दल कळलं. दुसरा तट बरोबर आहे, आणि माझ्या मते या कोड्याचा गाभा तिथेच आहे. पारडी समतोल राहिली तर सहाच्या सहा गोळे निर्दोष ठरतात आणि बाहेरच्या तिघांवर बोट रोखलं जातं. एक पारडं खाली गेलं तर बाहेरचे तिघे तिथल्या तिथे सुटतात. म्हणजे दोन्ही वेळा तराजूनं बाहेरच्या गटाबद्दलही निकाल दिलेला असतो. चार-चार-एक करणारा मुलगा समतोल राहणं म्हणजे नशिबानं लागलेली लॉटरी समजतो आणि त्या उत्तरासाठी एकच गोळा राखून ठेवतो. तीन-तीन-तीन करणारा त्या उत्तराला बाकी दोघांइतकंच वजन देतो.

इथे एखादं हुशार मूल वाद घालतं: चार-चार-एकमध्ये निदान एका खेपेत सुटण्याची शक्यता तरी आहे, तीन-तीनमध्ये कायम दोन खेपा लागतात, मग सरासरीत कोण जिंकतं? प्रश्न चांगला आहे आणि त्याचा हिशेब करता येतो. चार-चार-एक मार्गाला आपण जास्तीत जास्त सवलत देऊ. चार संशयित उरले की दोन-दोन न करता एक विरुद्ध एक तोलू आणि दोन बाहेर ठेवू. कधीकधी तिथेच निकाल लागेल. आता नऊ शक्यता एकेक करून बघू. टेबलावरचा गोळा जड असेल तर एक खेप. उरलेल्या आठांपैकी चार असे की दुसऱ्या खेपेला सापडतात आणि चार असे की तिसरी लागते. बेरीज एक अधिक आठ अधिक बारा, म्हणजे २१. तीन-तीन-तीनमध्ये नऊही शक्यतांना दोन-दोन खेपा, बेरीज १८. तेव्हा नशिबावर हवाला ठेवणारा मार्ग वाईट वेळी तर हरतोच, सरासरीतही हरतो.

मग पुढचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. दहा गोळे असते तर? जमेल का कोणत्या तरी युक्तीनं?

नाही जमणार. आणि हे खात्रीनं सांगता येतं, प्रयत्न करून दमायची गरज नाही. शेवटच्या खेपेपासून मागे येऊ. एका खेपेत तराजू तीनच गोष्टी बोलू शकतो: डावं जड, उजवं जड, समतोल. चार संशयित असतील तर किमान दोघांच्या वाट्याला एकच उत्तर येणार, आणि ते उत्तर आलं की त्या दोघांतला कोण हे कळायला मार्ग नाही. म्हणून शेवटच्या खेपेआधी संशयित तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. आता पहिल्या खेपेकडे या. डावीकडे जितके गोळे तितकेच उजवीकडे ठेवावे लागतात, कारण चारांसमोर तीन ठेवले तर चाराचं पारडं तसंही खाली जाणार आणि कळणार काहीच नाही. डावीकडचे तीनपेक्षा जास्त नकोत, उजवीकडचे नकोत, बाहेरचेही नकोत. तिन्ही मिळून जास्तीत जास्त नऊ. दहाव्याला जागाच नाही. हाच विचार एक पायरी पुढे नेला की तीन खेपांत २७ गोळ्यांपर्यंत जाता येतं: नऊ, नऊ, नऊ.

नऊ गोळ्यांसाठी पहिली खेप दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं करताच येत नाही, हेही याच हिशेबातून निघतं. आठ असते तर तीन-तीन-दोन. सात असते तर तीन-तीन-एकही चाललं असतं आणि दोन-दोन-तीनही. नऊला मात्र एकच वाट.

आता एक गोष्ट, जी मला या कोड्यात सगळ्यात जास्त आवडते. दोन पारड्यांचा तराजू आता दुकानांतून जवळजवळ गेला. वाण्याकडे, सराफाकडे, रद्दीवाल्याकडे, सगळीकडे आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला. मुलांना वाटतं, तो काटा दिला तर कोडं आणखी सोपं होईल, कारण तो नुसतं झुकत नाही, ग्रॅम सांगतो. तर समजा तो दिला. साध्या गोळ्याचं वजन ३० ग्रॅम आहे हेही सांगून टाकलं, जड गोळा कितीनं जड आहे एवढं तेवढं सांगितलं नाही. काट्यावर आपण काही गोळे ठेवतो. चार ठेवले तर आकडा १२० येईल किंवा त्याहून जास्त. १२० आला तर जड गोळा त्यात नाही, जास्त आला तर आहे. संपलं. स्क्रीनवर कितीही आकडे उमटले तरी कोणता गोळा जड या प्रश्नाला त्याच्याकडे दोनच उत्तरं आहेत, आहे किंवा नाही. दोन खेपांत अशी उत्तरं चार प्रकारे येतील, तीन खेपांत आठ प्रकारे, आणि गोळे तर नऊ. म्हणजे वाईटात वाईट वेळी चार खेपा लागणार. महागडा काटा चार खेपा घेतो तिथे दोरीला टांगलेली दोन पारडी दोन खेपांत काम करतात, कारण त्यांना 'दोन्ही सारखे' असंही म्हणता येतं.

वर सांगितलेल्या उत्तरात दुसरी खेप पहिलीच्या निकालावर अवलंबून असते. कोणते तीन गोळे उरले ते कळल्याशिवाय पुढे काय तोलायचं ते ठरत नाही. पण तसं असायलाच हवं असं नाही. गोळ्यांवर १ ते ९ आकडे घाला आणि ते टेबलावर तीन ओळींत मांडा: वर १, २, ३, मध्ये ४, ५, ६, खाली ७, ८, ९. पहिल्या खेपेला वरची आडवी ओळ डावीकडे, मधली उजवीकडे, खालची बाहेर. दुसऱ्या खेपेला उभ्या ओळी घ्या: १, ४, ७ डावीकडे, २, ५, ८ उजवीकडे, ३, ६, ९ बाहेर. पहिली खेप आडवी ओळ सांगते, दुसरी उभी ओळ सांगते, आणि दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे जड गोळा असतो.

उदाहरणार्थ सहा नंबरचा गोळा जड असेल तर पहिल्या खेपेला उजवं पारडं खाली जाईल, म्हणजे मधली ओळ. दुसऱ्या खेपेला सहा नंबर बाहेर आहे म्हणून पारडी समतोल राहतील, म्हणजे शेवटची उभी ओळ. मधल्या ओळीत शेवटी सहाच आहे. या मांडणीत काय तोलायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवता येतं. दोन तराजू असते तर आडव्या ओळीची यादी एका मुलीला आणि उभ्या ओळीची दुसरीला देता आली असती. कोण आधी तोलतं यानंही फरक पडत नाही. प्रत्येक गोळ्याचा जणू पत्ता ठरलेला असतो: पहिल्या खेपेला डावा, उजवा की बाहेर, आणि दुसऱ्या खेपेला डावा, उजवा की बाहेर. असे पत्ते नऊच होतात आणि नऊही वापरले जातात.

या चौकटीत खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघा. नऊ नंबरचा गोळा. तो पहिल्या खेपेलाही बाहेर आणि दुसऱ्या खेपेलाही बाहेर. तो पारड्यात एकदाही चढत नाही. तरीही दोन्ही खेपा समतोल राहिल्या की आपण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, हा जड. कोडं कागदावर असेपर्यंत हे निर्धोक आहे. हातात खरा तराजू आला की हाच गोळा झोप उडवतो.

खरा तराजू म्हणजे आमच्याकडे कपड्यांचा हँगर. दोन्ही टोकांना खाचा, खाचांतून दोरा आणि दोऱ्याला कागदी पेले. गोळे मॉडेलिंग क्लेचे, तेही तेलकट, न वाळणाऱ्या क्लेचे. गणपतीनंतर उरलेली शाडूची माती चालत नाही, कारण ती वाळताना पाणी सोडते आणि पंख्याखालचा गोळा कोपऱ्यातल्या गोळ्यापेक्षा लवकर हलका होतो. प्रत्येक गोळा ३० ग्रॅमचा. एकाच्या पोटात बेअरिंगमधला ८ मिलिमीटरचा पोलादी छर्रा, जो साधारण २ ग्रॅम भरतो. त्याहून मोठा छर्रा घातला तर मुलं गोळा तळहातावर घेऊनच ओळखतात आणि तराजूकडे बघतही नाहीत.

इथेच कोड्यातला 'बाकीचे आठ सारखे' हा भाग महाग पडतो. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो, म्हणजे त्यावर ३० दिसणारा गोळा साडेएकोणतीस ते साडेतीस यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. तीन विरुद्ध तीन तोलताना डावीकडचे तिन्ही थोडे जास्त आणि उजवीकडचे तिन्ही थोडे कमी निघाले तर नुसत्या घडणीतल्या फरकानं ३ ग्रॅमपर्यंत तफावत पडेल. छर्रा २ ग्रॅमचा. तो त्या तफावतीत बुडून जाईल आणि पारडं चुकीच्या बाजूला झुकेल. म्हणून गोळे करताना ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. त्यावर सहा गोळ्यांची सगळ्यात वाईट तफावत ०.३ ग्रॅम, आणि मग छर्रा स्पष्ट बोलतो.

दुसरी भानगड हँगरची. रिकामे पेले लावल्यावर एक बाजू खाली असते, तेव्हा भाजीवाल्यानं लावावा तसा पासंग लावायचा, म्हणजे वरच्या पेल्यात क्लेचा चिमूटभर तुकडा. रिकामा तराजू सरळ झाला की मुलं खूश. पण पासंगानं फक्त रिकामा तराजू सरळ होतो. हँगरच्या आकड्यापासून दोन्ही खाचांचं अंतर सारखं नसेल, समजा एका बाजूला २० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला २०.५, तर काय होईल? दोन्हीकडे ९० ग्रॅम ठेवले की लांब बाजू अशी झुकेल की जणू तिथे सव्वादोन ग्रॅम जास्त आहेत. आपल्या छर्र्यापेक्षा जास्त! अर्ध्या सेंटिमीटरनं तराजू अख्खा छर्रा खोटाच तयार करतो. शिवाय पासंग लावताना डोळ्यांदेखत सरळ झालेला असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

हे ओळखायचं कसं, ते सोपं आहे. दोन्ही पेल्यांतले गोळे उलटसुलट करायचे, डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. झुकाव गोळ्यांबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष गोळ्यांचा. झुकाव जागच्या जागी राहिला तर दोष हँगरचा. ही अदलाबदल म्हणजे कोड्याच्या हिशेबात आणखी एक तोलणं झालं, पण मी ते मोजत नाही. खाचा पट्टीनं मोजून घेणं आणि सगळे सारखे गोळे घालून तराजू आधी तपासणं, ही कामं कोडं सुरू होण्याआधीची आहेत असं मी मुलांना सांगते.

आणि तिसरी, सगळ्यात गुपचूप येणारी भानगड: मंद तराजू. हँगरचा आकडा दांडीवर घासतो, घर्षणामुळे लहान फरकाला तो हलतच नाही. जड गोळा पारड्यात असूनही काटा मधोमध. मंद तराजू नेहमी 'समतोल' म्हणतो. पहिल्या खेपेला समतोल, दुसऱ्या खेपेला समतोल, आणि निकाल: नववा गोळा जड. गोळा कुठलाही जड असो, मंद तराजू कायम नवव्यालाच दोषी ठरवणार, ज्यानं पारड्याचं तोंडही पाहिलेलं नाही.

हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी एका रविवारी नऊ गोळ्यांपैकी एकातही छर्रा घातला नाही आणि तसं सांगितलंही नाही. मुलांनी चौकट मांडली, आडवी ओळ तोलली, समतोल. उभी ओळ तोलली, समतोल. सगळ्यांनी एका सुरात नऊ नंबर सांगितला. मी म्हटलं, फोडा. त्यांनी तो फोडला, चाळला, पुन्हा चाळला. छर्रा नाही. मग बाकीचे आठही फोडले. थोडा वेळ गोंधळ झाला, माझ्यावर फसवणुकीचा आरोपही झाला. मग सहावीतली एक मुलगी म्हणाली, "पण काकू, तराजूनं आपल्याला सांगायला नको होतं का, की काहीतरी चुकलंय म्हणून?"

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. आणि उत्तर असं की तराजूला ते सांगायला जागाच नव्हती. दोन खेपांत त्याची उत्तरं नऊ प्रकारे येतात आणि आपण त्या नऊच्या नऊ उत्तरांना एकेक गोळा वाटून टाकला. 'इथे काहीतरी गडबड आहे' यासाठी एकही उत्तर शिल्लक ठेवलं नाही. म्हणून तराजू बिघडलेला असो, गोळे वाकडे घडलेले असोत की छर्राच नसो, तो प्रत्येक वेळी कुठल्या तरी गोळ्याचं नाव घेणारच. दोन खेपांत नऊ गोळे बसवणं ही काटकसरीची कमाल आहे, आणि त्या कमालीपायी चूक उघडी पडायची फट बुजली आहे.

ही फट उघडी ठेवलेलं कोडं छापील रूपात जुनंच आहे. जानेवारी १९४५ मध्ये ई. डी. शेल यांनी 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या नियतकालिकात ते दिलं होतं. त्यात नाणी आठ. त्यातलं जास्तीत जास्त एक खोटं असू शकतं, आणि खोटं नाणं हलकं असतं. खोटं नाणं आहे का, आणि असेल तर कोणतं, हे दोनदा तोलून सांगायचं. वरवर बघता आठ म्हणजे नवापेक्षा सोपं वाटतं. पण शक्यता मोजा: आठांपैकी कोणतंही एक खोटं, या आठ, आणि एकही खोटं नाही, ही नववी. म्हणजे पुन्हा नऊच. आपल्या चौकटीत खालचा उजवा कोपरा रिकामा ठेवायचा आणि आठ नाणी बाकीच्या घरांत मांडायची. तोलायचं तसंच, फक्त जी बाजू वर जाईल तिथे खोटं नाणं. पहिल्या खेपेला खालच्या ओळीतली दोन बाहेर राहतात आणि दुसऱ्या खेपेला उजव्या उभ्या ओळीतली दोन. दोन्ही खेपा समतोल राहिल्या तर रिकाम्या कोपऱ्याकडे बोट जातं, आणि त्याचा अर्थ होतो: सगळी नाणी खरी. आठही नाणी निदान एकदा तरी पारड्यात गेलेली असतात. न तोलता दोषी ठरणारं कोणी उरत नाही.

मंद तराजूचा प्रश्न याही कोड्यात सुटत नाही, हे मात्र सांगायला हवं. तिथे तो खोट्या नाण्याला 'सगळी खरी' म्हणून पाठीशी घालेल. पण निरपराध्याला दोषी ठरवण्यापेक्षा ती चूक मला कमी जाचते, आणि ती पकडताही येते: मुद्दाम एक हलकं नाणं घालून बघायचं, तराजू त्यावर गप्प बसला तर तराजू बदलायचा.

जड की हलकं हेच माहीत नसेल आणि तेही सांगायचं असेल तर गोष्ट पार बदलते. मग नऊ गोळ्यांच्या १८ शक्यता होतात, प्रत्येक गोळा जड किंवा हलका, आणि दोन खेपांची नऊ उत्तरं त्यांना पुरत नाहीत. तीन खेपा लागतात. पण तीन खेपा मिळाल्या तर नवावर थांबायचं कारण नाही, १२ गोळ्यांपर्यंत जाता येतं. हे १२ नाण्यांचं कोडं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुष्कळ गाजलं. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९४६ मध्ये 'मॅथेमॅटिकल गॅझेट'मध्ये ते कितीही नाण्यांसाठी सोडवलं, आणि त्यांची पद्धत आपल्या पत्त्यांचीच थोरली बहीण आहे: प्रत्येक नाण्याला डावा, उजवा, बाहेर असा पत्ता द्यायचा आणि तराजूच्या उत्तरांवरून तो पत्ता वाचायचा. चार खेपांत त्या रीतीनं ३९ नाणी निपटतात. त्या कोड्याला स्वतंत्र रविवार लागतो, तो मी सहसा दिवाळीच्या सुट्टीत ठेवते.

त्या फसवणुकीच्या रविवारी मात्र मुलांना शेल यांचं नाव माहीत नव्हतं. मी एवढंच विचारलं की छर्रा असेल किंवा नसेलही, आणि तोलायचं दोनदाच, तर गोळे किती घेता येतील? आधी सगळे नवावरच अडून बसले. मग त्यांनी शक्यता बोटांवर मोजल्या, नऊ गोळे आणि वर 'नाहीच', म्हणजे दहा, आणि दहाला जागा नाही हे त्यांना आधीच माहीत होतं. आठवीतल्या एका मुलानं पुन्हा वळलेले गोळे ओळीत मांडले, कोपऱ्यातला नववा उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा तुमच्याकडेच ठेवा, काकू. आता तोलतो."

त्या वेळी छर्रा पाच नंबरमध्ये होता. पहिल्या खेपेला उजवं पारडं खाली गेलं, दुसऱ्या खेपेलाही उजवं, आणि त्यांनी मधला गोळा फोडला.